फायरप्लेसवरची फळी

कुरवंड्यात एका शेतकरी कुटुंबाने पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बंगला बांधायला घेतला होता. त्याच्या दिवाणखान्याचं रेंडर, म्हणजे खोली पूर्ण झाल्यावर कशी दिसेल त्याचं कॉम्प्युटरवरचं चित्र, मी तळेगावात घरी बसून करत होते. आर्किटेक्टला फायरप्लेस हवी होती. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते त्या गावात आग विलायती असली की दर वाढतो, असं त्याचं मत.

"फळी खाली घे," तो फोनवर म्हणाला. "आणि जाळाचा उजेड वरच्या दगडावर टाक. दगड महागाचा आहे."

आगीच्या तोंडावरची ती फळी साधारण साडेचार फुटांवर असते. त्याला ती तीन फुटांवर हवी होती. मला तिथेच शंका आली. फायरप्लेस लहान केली की खोली आपोआप मोठी दिसते.

"कळेल लोकांना," मी म्हटलं.

"क्लायंट मोजत नसतो, भारावतो."

मग प्रमाण जुळायला सोफाही लहान करायला हवा, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. मीही आठवण केली नाही.

साइटवर लॅपटॉप विटांच्या थप्पीवर ठेवला. होकार मिळाला की दुसऱ्या दिवशी चिमणीची भिंत उचलायची होती. मग खोली पुरो न पुरो. त्या शेतकरी कुटुंबातले आबा आणि त्यांची शिक्षिका सून चित्राकडे बघत राहिले. भारावल्याचं चिन्ह दिसेना.

"फळी सोफ्याच्या पाठीएवढीच उंच?" सून म्हणाली. "तिथं वस्तू ठेवायला वाकायचं का? आणि आग आत आहे, तर फळीच्या वरचा दगड एवढा कसा उजळलाय?"

आर्किटेक्ट "अँबियन्स" म्हणाला. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तिथेच लॅपटॉपवर फळी वर नेली, दगडावर टाकलेला जादा उजेड बंद केला. आता उबदार उजेड आगीपुढच्या फरशीवर पडला आणि सोफ्याशी पोचेपर्यंत विरला. फळीच्या वर सावली. चित्र शांत झालं, पण खोली आक्रसली.

"पयलं खोटं व्हतं, कळलं," आबा म्हणाले. "दुसरं खरं कशावरून?"

"मोजू या."

टेप धरला. सुनेने विटेच्या तुकड्याने भिंतीवर चिमणीची रुंदी आणि फळीची रेघ ओढली. चिमणी भिंतीतून पुढे कुठवर येणार, तेही फरशीवर आखलं. आबा त्या रेघेवर चिमणीकडे पाठ करून उभे राहिले. समोरच्या भिंतीपर्यंत सोफा कसाबसा मावत होता. माणसाचे गुडघे मावत नव्हते.

"पावणा आगीत बसंल काय?" आबांनी विचारलं.

आर्किटेक्टने सोफा कोपऱ्यात सरकवण्याची युक्ती सुचवली. सुनेने त्या युक्तीसाठीही विटेचा तुकडा पुढे केला.

"आखून दाखवा, सर."

त्याने आखलं नाही. चिमणीची भिंत त्या खोलीत उभी राहिली नाही.

त्याच्या ऑफिसात ते पहिलं रेंडर अजून लावलेलं आहे. येणारे भारावतात म्हणे.