सर्व्हरसाठी तिसरी मेल

मी चहा गाळत होते, तेवढ्यात दार वाजलं. माझे दीर एका छोट्या कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतात. तिथला शिपाई आला होता. “सर्व्हर उठत नाही. मॅनेजरसाहेबांनी काल जाताना मेन स्विच बंद केला.” वीज वाचवायची साहेबांना भारी हौस.

दीर चहा टाकून पळाले. चौथ्या खेपेला सर्व्हर सुरू झाला. दुपारी घरी येऊन ते साहेबांना मेल लिहायला बसले: दोन डिस्कपैकी एक गेली आहे, तशी आता बाजारात मिळत नाही; दुसरीही कुरकुरते, बॅकअप अर्ध्यावरच थांबतो. नवा सर्व्हर तातडीने हवा.

“आधीच्या दोन मेलना काय उत्तर आलं?” मी विचारलं.

“‘चालतोय ना?’ एवढंच. वहिनी, मी दर वेळी तो चालू करून देतो, तेच नडतं.”

“मग एकदा राहू दे बंद.”

“सगळ्यांचं सात वर्षांचं काम आहे त्यात.”

नवा सर्व्हर येईल असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणून मेल पाठवण्याआधी त्यांनी खाली एक ओळ जोडली: ‘उरलेली डिस्क एकदा थांबली, तर पुन्हा फिरेलच असं नाही. निदान नवा सर्व्हर येईपर्यंत त्या खोलीतला मेन स्विच कृपया बंद करू नका.’