बाजारातल्या तुरी

मला हुशार विद्यार्थी आवडत नाहीत. हे मी कुठे बोलत नाही, पण खरं आहे. परभणीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला गुपचूप लिहून घेणारी पोरं परवडतात. दर जूनला आमची नेमणूक नव्याने होते, आणि ती होणार की नाही हे विभागप्रमुखांच्या मर्जीवर असतं. असं जगताना माणूस कुणाचा प्रश्न कौतुकाने ऐकत नाही.

ती एम. कॉम.ला आली तेव्हा सासरा सोबत होता. जिंतूरला त्यांचं भांड्यांचं दुकान. ती डोक्यावर पदर घेऊन मागे उभी होती आणि तो माझ्याशी बोलत होता.

"म्याडम, पोराच्या हट्टापायी शिकवायलोय हिला. पण एक बी विषय राह्यला तर मंग घरीच. तुमच्यासमोर सांगून ठिवतो."

"बघू काका," मी म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या शिक्षणासाठी तरी कोण थांबलं होतं?

ती रोज एस.टी.ने यायची. पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर लिहिलेलं उतरवण्याआधी वाचायची. ही सवय मला पहिल्या आठवड्यातच खटकली.

वित्तीय व्यवस्थापनात लाभांश धोरण हा माझा ठरलेला भाग. नफ्यातला किती हिस्सा भागधारकांना वाटायचा म्हणजे पेआउट रेशो किती, आणि त्याने शेअरचा भाव वाढतो की पडतो, एवढाच प्रश्न. एक पक्ष म्हणतो, लाभांश वाटला काय न वाटला काय, भावाला फरक पडत नाही. दुसरा म्हणतो, पडतो, कारण हातातला पक्षी झाडावरच्या दोन पक्ष्यांपेक्षा बरा. आपल्याकडे म्हणतात तसं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आजचा लाभांश खात्रीचा, उद्याची वाढ बिनखात्रीची. म्हणून कंपनी जितका नफा अडवून ठेवेल तितका भागधारक जास्त परतावा मागतो. हे मी अनेक वर्षं त्याच झेरॉक्स नोट्समधून सांगत आले. नोट्समध्ये एक सोडवलेलं उदाहरणही होतं आणि पोरं ते आकड्यांसकट पाठ करायची.

अंतर्गत परीक्षेचा पेपर मी घाईत काढला. वीस गुण, पास व्हायला आठ, आणि विद्यापीठाच्या पेपरात कितीही पडले तरी इथे वेगळं पास व्हावंच लागतं. एक गणित सहा गुणांचं होतं. शेअरमागे नफा दहा रुपये, कंपनी गुंतवणुकीवर बारा टक्के मिळवते; लाभांश चाळीस टक्के ठेवला तर भाव किती आणि साठ टक्के ठेवला तर किती. तपासताना मी नोट्समधलं उत्तर पुढ्यात ठेवलं: एकशे त्रेचाळीस आणि एकशे पंधरा. म्हणजे लाभांश कमी, भाव जास्त. सगळ्या वर्गाने हेच लिहिलं होतं.

तिचं उत्तर होतं एकोणसत्तर आणि सत्त्याण्णव. म्हणजे बरोबर उलटं. खाली मराठीत लिहिलं होतं: "नफा कंपनीकडे राहिला तर भागधारकाला त्या बाजारातल्या तुरी. त्यावर घरात वरण शिजत नाही. म्हणून तो जास्त दर मागतो आणि भाव पडतो."

मला हसू आलं आणि रागही आला. सूत्र मांडलं की एक गुण मी गाढवालाही देते. तो तिला दिला होता, तोही खोडला. एकूण झाले सात.

पेपर वाटताना तिचं वाक्य मी मोठ्याने वाचलं. "आता कंपन्या तुरीच्या वरणावर चालवायच्या, बरं का! लग्न झालं की असं होतं, चुलीबाहेर डोकं जात नाही." वर्ग खदखदून हसला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

ती उभी राहिली. "म्याडम, प्रश्नात दर दोन दिलेत. चाळीसला तेरा टक्के हाय, साठला अकरा."

"पेपर मी काढलाय का तू?"

"तुमीच काढलाय म्हणून म्हणायलेय, म्याडम."

पुन्हा हसू फुटलं. या वेळी ते कुणाला हसत होते ते मला कळलं. "बस खाली," मी ओरडले.

स्टाफरूममध्ये आले ते तिला खोटं पाडायचंच म्हणून. पेपर काढला, कॅल्क्युलेटर काढला. पेपरात भागधारकाने मागितलेले दर खरंच दोन होते. गणित मी एका पुस्तकातून घेतलं होतं आणि उत्तर नोट्समधून. नोट्समधल्या गणितात बाकी आकडे तेच, पण दर दोन्हीकडे दहाच टक्के होता. चार रुपये लाभांश, तेरातून सात पूर्णांक दोनची वाढ वजा, भाव एकोणसत्तर. सहा रुपये लाभांश, अकरातून चार पूर्णांक आठ वजा, सत्त्याण्णव. सगळ्या वर्गात प्रश्न फक्त तिने वाचला होता. मीसुद्धा वाचला नव्हता.

गुणांची यादी त्याच दुपारी द्यायची होती. खरं करायचं तर सगळे पेपर परत घ्यायचे, सगळ्यांचे गुण बदलायचे आणि विभागप्रमुखांना कारण सांगायचं. तेही जून तोंडावर आलेला असताना. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी यादी तशीच दिली. तिच्या नावापुढे सात.

चार दिवसांनी सासरा तिला घेऊन आला. व्हरांड्यात चपला काढून उभा राहिला.

"म्याडम, ही म्हणती तिचं उत्तर बरोबर हाय. मला काय कळत न्हाई त्यातलं. तुमी सांगा. तुमी म्हणाल ते शेवटचं. बरोबर असंल तर मी सवताच्या हातानं फी भरतो पुढची."

एका शब्दाचं काम होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. मी आता बोलणार याची तिला खात्री होती. त्या खात्रीचीच मला चीड आली.

"काका, उत्तर चूक आहे."

"बघ!" तो तिला म्हणाला. मग माझ्यासमोर हात जोडले. "लय उपकार झाले. खरं बोलणारं माणूस भेटत न्हाई आजकाल."

तिने पिशवीतून माझ्या नोट्स काढल्या. कडा सरळ केल्या आणि माझ्या हातात दिल्या. "दुसऱ्या कुणाला लागतील, म्याडम," एवढंच म्हणाली. ते दोघं जिंतूरच्या गाडीसाठी निघून गेले. सुंठीवाचून खोकला गेला असं मी मनाशी म्हटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी जेवणही गेलं मला.

जूनमध्ये नेमणूक झाली. त्यानंतरही होत आलीय.

नोट्स मी दुरुस्त केल्या आहेत. आता मी दोन दरांचं गणितच सोडवून दाखवते, आणि हातातला पक्षी समजावताना फळ्याकडे पाठ करून म्हणते, "नफा कंपनीकडे राहिला की भागधारकाला त्या बाजारातल्या तुरी. त्यावर घरात वरण शिजत नाही." वर्ग हसतो आणि ते वाक्य कुणी विसरत नाही. विद्यापीठाच्या पेपरातही पोरं तेच लिहून येतात.

यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "म्याडम, लय भारी उदाहरण हाय. कोणत्या पुस्तकातलं?"

"माझं आहे," मी म्हणाले. "लिहून घे, परीक्षेला विचारतात."