शेवटचं अक्षर

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होतो तेव्हा माझ्या शेजारच्या बेंचवर बँकॉकची एक मुलगी काम करायची. रिकाम्या वेळात मी तिच्याकडून थाई शिकलो, ती बोलेल तसं. ती वाक्याच्या शेवटी ‘खा’ म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेल्या एका पॉटलकला मी सगळ्यांना ‘खोप खुन खा’, म्हणजे थँक्यू, म्हटलं आणि थाई मुलं पोट धरून हसली.

मग तिने समजावलं. ‘खा’ बायका म्हणतात, पुरुषाने ‘ख्रप’ म्हणायचं. समोर बाई आहे की पुरुष, याचा संबंध नाही. बोलणारा कोण, ते बघायचं. तिचा ‘खा’ साध्या वाक्यात खाली उतरायचा, प्रश्नात वर चढायचा. ‘ख्रप’मधला ‘र’ घाईत गळून नुसता ‘खप’ उरायचा. त्या शब्दाला स्वतःचा अर्थ नव्हता, पण त्याने वाक्याला अदब यायची.

मला मात्र ते हसणं लागलं होतं. पुन्हा चूक नको म्हणून मी शेवटचं अक्षर गाळूनच बोलू लागलो. तिचे मित्र आपापसांत गाळायचेच, मग मला कोण काय म्हणणार?

त्या मार्चमध्ये तिची आई आली. त्यांनी मला जेवायला बोलावलं. सकाळपासून खपून माझ्यासाठी बिनमाशाची, बिनमटणाची करी केली होती. छान झालीय का, असं त्यांनी विचारलं, शेवटी ‘खा’ऐवजी ‘जा’ लावून. मी म्हणालो, “छान.” त्यांनी पुन्हा डाव पुढे केला. मी ताटावर हात धरला.

“माय आओ.”

म्हणजे ‘नको’. शेवटी ‘ख्रप’ नाही. त्यांनी डाव मागे घेतला आणि नंतर आग्रह केला नाही. वाटलं, दमल्या असतील.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मैत्रीण म्हणाली, “तू माझ्या आईशी मोलकरणीशी बोलावं तसं बोललास.”

मी म्हणालो, तुम्हीही गाळताच की. ती म्हणाली, बरोबरीच्यांत. आणि आई तुला आधी जे ‘जा’ म्हणत होती ना, ते आम्ही घरातल्या लहानांना मायेने म्हणतो.

पुण्यात कुठल्याही काकूंना मी नुसतं ‘नको’ म्हणालो नसतो; ‘नको काकू, खरंच पोट भरलं’ म्हणालो असतो. मला सगळं कळत होतं. फक्त हसं होऊ नये म्हणून मी एका बाईचा मान ठेवला नव्हता.

संध्याकाळी बस पकडून त्यांच्याकडे गेलो. दारातच हात जोडून म्हणालो, “खो थोत ख्रप.” माफ करा.

त्या हसल्या. “माय पेन राय खा.” काही हरकत नाही.

‘खा’ म्हणाल्या, ‘जा’ नाही. परक्या माणसाला म्हणतात तसं, अगदी सभ्यपणे. मग चहा दिला. मी तो उभ्यानेच प्यायलो.