पिवळी कड

जर्जिसच्या बंदरामागे हादियाचं फोटोचं दुकान होतं. समुद्रात बुडालेल्या पोरांचे फोटो साफ करून त्यांच्या डोक्यामागे उजेडाचं वलय काढणं, हे तिचं नेहमीचं काम.

मबरूकामावशी बेपत्ता मुलाचा, नौफलचा, फोटो घेऊन आली. त्यात त्याचे कुरळे केस पिवळे रंगवलेले होते. समुद्रापार जायला होडीत बसला तेव्हा मात्र काळे होते. शोधाच्या पत्रकावर काळेच हवेत.

हादियाने घाईघाईत संगणकावर केसांच्या कडेकडेने निवड करून काळा रंग भरला. सुटी कुरळी टोकं निवडीबाहेरच राहिली आणि डोक्याभोवती पिवळी कड चमकू लागली.

"हे मेलेल्यांचं वलय कशाला लावलंस गं? माझा पोरगा जिवंत आहे!" मावशी कडाडली.

हादिया पुन्हा संगणकापुढे बसली. तिने फोटोतल्या रंगांपैकी फक्त निळा थर उघडला. त्यात मागची निळी भिंत पांढरीफटक, तर पिवळे केस गडद दिसत होते. तो फरक आणखी ताणून तिने त्यावरूनच निवड केली, तशी बट न् बट हाती लागली. कड नाहीशी झाली.

ते पत्रक बघूनच अकराव्या दिवशी शवागारातून फोन आला.

मावशीने फोटो हादियापुढे ठेवला.

"आता लाव ते वलय."