यंदाच्या राशीखाली लिहायची ओळ

कुर्ल्याच्या नेहरूनगरहून सकाळी साडेसहाची एसटी होती, म्हणून पाचलाच मरोळहून रिक्षा काढली. रिक्षावाल्याने विचारलं, "गावाला काय?" म्हटलं, "सुगीला." त्याने आरशातून माझ्या इस्त्रीच्या सुती ड्रेसकडे पाहिलं आणि गालात हसला. बरोबरच होतं त्याचं. सुगीला मी गेले त्याला बावीस वर्षं झाली होती.

गाव कर्जत तालुक्यात, नगरकडचं कर्जत. दादा आणि वहिनी वडिलोपार्जित पाच एकर कसतात. गेल्या वर्षी पाऊस रुसला. पेरलेला जोंधळा (ज्वारी) वीतभर वर आला आणि ओल नसल्यामुळे जागीच वाळला. यंदा मात्र पिकलं. दादाचा फोन आला, "नंदे, मळणीला ये. राशीचा फोटो काढू, सगळ्या भावकीच्या ग्रुपवर टाकू. खाली ओळ तू लिहायची. तुला लिहायचं कळतं."

मला कळतं म्हणजे काय, तर मरोळच्या एका कारखान्यात मी डबे-बाटल्यांच्या लेबलांवरचा मजकूर लिहिते. लोणच्याला 'आजीच्या हातचं' म्हणण्यात हयात गेली. एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर चार ओळी तयार केल्या. 'घामाचं सोनं', 'मातीने दिला शब्द', असल्या. स्वतःवरच खूश होते मी.

घाटात गाडी थांबली तेव्हा मिसळ खाल्ली, ती ड्रेसवर सांडली. पुणे गेलं, भीमा गेली, आणि मग दोन्ही बाजूंना काढणीला आलेली रानं दिसू लागली. दुपारी अडीचला फाट्यावर उतरले. दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. वाळलाय पार.

"किती बारीक झालास रे!"

"तू माझ्या वाटचं खातीस नव्हं," तो म्हणाला. लहानपणापासूनची त्याची चेष्टा. मी हसले. तेव्हा हसू आलं.

वहिनीने पिठलं, भाकरी आणि लसणाचा ठेचा वाढला. भाकरी टोपल्यातून काढून माझ्या ताटात टाकता टाकता तिने सहज विचारलं, "वन्सं, मागल्या साली धाडलेल्या जोंधळ्याच्या भाकरी कशा झाल्या? जुना दाणा, चिरा पडत्यात त्याला."

मी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. "झकास," मी म्हणाले.

खोटं बोलले. खरं काय झालं होतं ते सांगते. दरवर्षी सुगी झाली की आमच्या घरातून पहिली पिशवी लेकीला जाते. मग घरात, मग बाजारात. वडिलांपासूनची रीत. गेल्या वर्षी पीकच नव्हतं, तरी दहा किलोंची पिशवी आली. उघडली तर दाणे राखेने काळपट, मध्ये लिंबाचा वाळका पाला, दोन-चार सोंडे (धान्यातले किडे). मी नाक मुरडलं. इमारतीतल्या बायकांना म्हटलंसुद्धा, "बघा ना, कचरा पाठवलाय." आणि खालच्या चौकात लोक कबुतरांना दाणे टाकतात, तिथे सगळी पिशवी रिकामी केली. पाच मिनिटांत फडशा पडला.

संध्याकाळी रानात गेलो. काढणी आठवड्यापूर्वीच झाली होती. आमच्याकडे रब्बीचा जोंधळा कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कडबा लांब हवा, जनावरांचं वर्ष त्यावर निघतं. उपटून आडवा टाकलेला जोंधळा वाळला, की कणसं मोडून खळ्यावर आणतात आणि उरलेल्या धाटांच्या पेंढ्या बांधतात. बांधाच्या अलीकडच्या पेंढ्या पुरुषभर उंच होत्या. पलीकडच्या जेमतेम कमरेएवढ्या.

"हे असं का रे? रान तर एकच."

"बी कमी पडलं," दादा म्हणाला. "इकडं घरचं बी पेरलं. तिकडं बाजारातलं, ते असंच निघालं. एकरी तीन-साडेतीन किलो लागतं. घरचं पुरलं असतं, पण..."

तो पेंढी सावरायला वळला. घरात परतल्यावर पाहिलं, तर आढ्याला निवडक कणसांचे झुपके टांगलेले. वहिनी सांगू लागली, "ही बियाची. उभ्या पिकातनंच हेरायची, भरलेली, एकसारखी. मग झोडपून दाण्याला राख चोळायची, लिंबाचा पाला घालायचा. सोंड्याच्या बापाला दाद देत नाही."

राख. पाला.

"वहिनी, गेल्या वर्षी मला पाठवलंत ते..."

"तेच की. खायचं संपलं होतं. आम्ही रेशनच्या गव्हावर काढलं. पण लेकीची पिशवी चुकवायची कशी? म्हटलं बियातलं धाडू. दुष्काळात धाडलेलं जास्त पावतं."

दहा किलो. पलीकडच्या ठेंगण्या पेंढ्यांचं तीन एकर रान त्यात पेरून निघालं असतं. मला तिथेच सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण वहिनी इतकी आनंदात होती, की मी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मळणी. ट्रॅक्टरमागे यंत्र लावलं, एका तोंडाने कणसं आत, बाजूने दाणे घमेल्यात, मागून भुसकट उडत होतं. त्यातली कूस, बारीक कुसळांची धूळ, अशी चावते म्हणता! अर्ध्या तासात मान, हात लाल झाले. वहिनीने डोक्यापासून कंबरेपर्यंत जुनं लुगडं गुंडाळून दिलं आणि म्हणाली, "मुंबईचं कातडं, लगेच बोंबलतं."

दुपारपर्यंत रास लागली. दादाने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. माप भरताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. दादा म्हणाला, "लाभ." आणि ते पहिलं माप त्याने माझ्यापुढे धरलं. "पिशवी धर, नंदे."

मी पिशवीचं तोंड अर्धवटच धरलं. थोडे दाणे खाली सांडले. वहिनीने वाकून ते एकेक वेचले.

फोटो काढला. "लिही आता ओळ," दादा म्हणाला. मी म्हटलं, "मुंबईत जाऊन नीट लिहिते." त्याने मान हलवली. "नीट काय लिहायचंय? पिकलं म्हन. उगं लई बोलू नये, रास नवी हाय, नजर लागती."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने "वर ठेवा की" म्हटलं, तरी ठेवली नाही. त्या चार ओळी पुसून टाकल्या. घामाचं सोनं म्हणे! घाम कुणाचा, आणि मी काय केलं त्याचं?

मरोळला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. चौकात कबुतरं होतीच. घरी येऊन चपलाही न काढता ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं:

'यंदा पिकलं. मागल्या साली वहिनीने मला बियातलं दिलं होतं. मी ते कचरा समजून कबुतरांना टाकलं. तरी यंदाचं पहिलं माप मलाच मिळालं.'

दहा मिनिटांनी वहिनीचा फोन आला.

"ह्यांनी वाचून दाखवलं," ती म्हणाली. मागे गाय हंबरत होती. "दीड महिना रानात माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलली मी. गोफण फिरवून खांदा धरला. आन् तुम्ही पाखरांनाच बोलावून घातलं व्हय, वन्सं?"

"चुकले, वहिनी."

"पिशवी सोडली का?"

"नाही अजून."

"सोडली तर वर राख दिसंल. पाला बी हाय. वर्षभर टिकावं म्हणून मीच चोळलीय, तुम्ही आंघोळीला गेला होता तवा. टाकू नका."