मधल्या रकान्यातल्या खुणा

मार्गदर्शक मॅडमनी माझ्या पूर्वचाचणीचे पंधरा भरलेले फॉर्म टेबलावर मांडले आणि मला काहीही न विचारता चौथ्या विधानावर बोट ठेवून एकेक उलटत गेल्या. पंधरापैकी अकरा जणांची खूण मधल्या रकान्यात, ‘तटस्थ’वर होती. सातव्या विधानाला सगळेच्या सगळे ‘पूर्ण सहमत’. शिवाय सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाच्या.

“घरी बसून भरलेस?” त्यांनी विचारले.

मी नाही म्हटले, पण आवाज असा निघाला की माझाच विश्वास बसला नसता. लोकांना विधाने मी वाचून दाखवली होती आणि ते सांगतील तिथे खूण केली होती, म्हणून पेन एकच. मॅडम म्हणाल्या, हे खोटे ठरले तर मुख्य सर्वेक्षणाची परवानगी नाही, म्हणजे यंदा प्रकल्प नाही. प्रकल्प नाही म्हणजे एम.ए. नाही. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एक वर्ष वाया गेले हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचे, तेही मला सुचेना.

भंडाऱ्याहून गावाकडे येताना बसमध्ये मला एक संशय आला. विषय आमच्या गावतलावाच्या पाणीवाटपाचा होता. पूर्वचाचणीच्या आदल्या दिवशी पाणीवाटप समितीचे अध्यक्ष पानठेल्यावर बसून माझ्या फॉर्मची चौकशी करत होते. त्यांनीच लोकांना सांगितले असणार, पोरीला काही बोलू नका, मधले धरा.

मी थेट शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांची बांधी, म्हणजे धानाचे शेत, आमच्या बांधीला लागूनच, पाटाच्या अगदी शेवटी. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. अध्यक्ष काही बोलले का, असे मी विचारले.

“त्याले काय पडली? त्याले त आपलीच बांधी दिसते,” काकू म्हणाल्या.

मग मधलेच का सांगितलेत? काकूंनी सूप खाली ठेवले.

“तूच त विचारलं, पाणी वेळेवर अन् पुरेसं भेटते का म्हणून. पाणी येते वेळेवर. पण पुरत नाही. हो म्हणू का नाही म्हणू? मंग मधातलं धर म्हणलं.”

मी पिशवीतून फॉर्म काढला. ‘तलावाचे पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळते.’ एका विधानात दोन गोष्टी. हे मी परीक्षेत पाठ करून लिहिले होते, की असे विधान करू नये.

“अन् ते सातवं?” मी विचारले. मी लिहिले होते, ‘समितीच्या पक्षपातामुळे शेवटच्या शेतकऱ्यांवर होणारा अन्याय थांबला पाहिजे.’

“अन्याय थांबू नये असं कोन म्हणल बाई? अध्यक्षानंबी हो म्हणलं असन.” अध्यक्षही त्या पंधरांत होते, आणि त्यांनी हो म्हटले होतेच. मग काकू हसल्या. “तुह्या बापानं सांगतलं का लिवाले?”

बाबांनी सांगितले नव्हते. पण जेवताना ते रोज हेच बोलतात, आणि पक्षपात झालाच असे मी विधानातच धरून चालले होते. आता मला अध्यक्षांपेक्षा माझाच जास्त संशय येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढे नवी विधाने ठेवली. ‘पाणी माझ्या बांधीत वेळेवर येते.’ ‘माझ्या बांधीला पुरेल इतके पाणी मिळते.’ ‘पाणीवाटपाचा नियम सर्वांना सारखा लावला जातो.’ आमची बांधीही पाटाच्या शेवटी आहे, तेही सांगितले. मॅडमनी तिन्ही विधाने पुन्हा वाचली. मग त्यांनी सांगितले की नवी पूर्वचाचणी माझी वर्गमैत्रीण घेईल, नावे लिहायची नाहीत, आणि मी त्या वेळी घरातच बसायचे. म्हणजे माझ्यावर विश्वास अजून नव्हताच.

मैत्रिणीने आणलेल्या फॉर्ममध्ये वेळेच्या विधानाला बहुतेक सहमत होते, पाणी पुरण्याच्या विधानाला बरेच असहमत. मधला रकाना जवळजवळ मोकळा. नियमाबद्दल मात्र उत्तरे पाचही रकान्यांत विखुरलेली होती. मॅडमनी परवानगीवर सही केली, पण आमच्या बांधीची जागा अहवालात लिहायची, या अटीवर.

घरी बाबांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी फक्त एकच विचारले.

“नियम सारखा हाय म्हणणारे कोन होते? आपल्याकडचे होते का?”

नावे लिहिलेली नाहीत, मला माहीत नाही, असे मी म्हटले.

“माहीत नाही का सांगाचं नाही?”

मला खरेच माहीत नव्हते. बाबा उठले, आणि फॉर्मची पिशवी कुठे ठेवली आहे ते त्यांनी मला नाही, आईला विचारले.