मास्तरांचा डावा डोळा

गाण्याची शूटिंग म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला कळलं. भिजलेली साडी, धूर, पंख्यानं उडणारे केस. तर आधीच सांगून ठेवतो. साडी नव्हती. धूर होता, पण चहाच्या चुलीचा. आणि हिरो एकसष्ट वर्षांचा, वरचा एक दात पडलेला. आता पुढं वाचायचं का न्हाय, तुमचं तुमी बघा.

हिरो म्हणजे आमचे मास्तर. शाळेतले न्हवं. बेंबळीकडच्या एका बँड पार्टीत गायचे, आणि बँडमधी गाणाऱ्यालाबी मास्तरच म्हणतात. तीस वर्षं वरातीच्या गाडीमागं माईक धरून चालले. आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांच्या व्हिडिओत मास्तरांचा आवाज हाय, तोंड मात्र एकातबी न्हाय. कॅमेरा कायम नवरदेवावर.

उमरग्याच्या एका बोअर पाडायच्या गाडीवाल्यानं त्यांना एका वरातीत ऐकलं आणि म्हणला, ह्यांचं गाणं काढायचं, पैसे माझे. धाराशिवला एका खोलीत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तिथं रेकॉर्डिंग झालं. आता व्हिडिओ. कॅमेरा माझ्या वर्गमित्राचा. तो लग्नाची शूटिंग करतो, त्या दिवशी डायरेक्टर झाला. माझ्याकडं एकच काम, स्पीकरवर गाणं लावायचं.

मला बोलावलं ते हुशारीसाठी न्हाय, रिकामा होतो म्हणून. मला येती ती फक्त नक्कल. हेडसरांची येती, एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरची येती, आणि सगळ्यात भारी मास्तरांची. ओळीच्या आधी नाक उडवणं, माईक हनुवटीला टेकवणं, उंच सुराला डावा डोळा आपोआप मिटणं. सातवीपासून करायलोय. सगळ्या गावानं बघितलीय. मास्तरांनी सोडून.

तर, तलावाचा बांध. मागं आठ बँडवाले लाल कोटात, पुढं मास्तर नवीन शिवलेल्या पांढऱ्या कोटात. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतंय, शूटिंगला ते स्पीकरवर वाजवायचं आणि गाणाऱ्यानं त्याच्यावर ओठ जुळवायचे. सुरवातीला तीन टिकटिक टाकलेल्या, चौथ्या ठोक्याला तोंड उघडायचं. तेच गाणं एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा बाजूनं, असं कितीतरी वेळा घेतात. मग एडिटिंगला सगळे टेक एकाखाली एक लावायचे आणि पाहिजे तो तुकडा उचलायचा. म्हणजे पहिल्या टेकला जिथं तोंड उघडलं, तिथंच दहाव्यालाबी उघडलं पाहिजे. एवढंच. सोपं वाटतंय ना? आमालाबी वाटलं.

पहिल्या टेकला मास्तर नुसते ओठ हलवत होते, देवळात मनातल्या मनात जप करावा तसं.

डायरेक्टर म्हणला, "मास्तर, खरं गा. गळ्याची शीर दिसली पाहिजे, न्हायतर खोटं वाटतंय."

"आरं, वाजायलंय की तिकडं गाणं. दोघांनी कशाला गायचं?"

"दिसण्यासाठी गा."

मग मास्तर गायले. आणि असे गायले की माझा स्पीकर कुठल्या कुठं बुडाला. तीस वर्षं माणूस नाचणाऱ्यांकडं बघून गायलेला. नवरदेवाचा मामा रंगात आला की ओळ लांबवायची, वरात चौकात अडली की परत धृपदावर यायचं. गाणं कायम मास्तरांच्या मागं चालत आलेलं, मास्तर कधी गाण्याच्या मागं चालले नव्हते. स्पीकरमधले मास्तर दुसऱ्या ओळीला पोचले तरी बांधावरचे मास्तर पहिलीच्या शेवटाला झोके देत होते.

डायरेक्टरनं लॅपटॉपवर टेक लावून बघितले. आधी संशय माझ्यावर.

"तू ते बिनवायरचं लावलंस ना? त्यात आवाज उशिरा येतोय."

वायर जोडली. मग म्हणला, स्पीकर कॅमेऱ्यापाशी हाय, बँडवाले साठ-सत्तर पावलं लांब, त्यांच्यापर्यंत आवाज उशिरा जातोय, ड्रमची काठी मागं पडायलीय. स्पीकर उचलून बँडच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर ठेवला. ड्रम जुळला. ताशा जुळला. क्लॅरिनेटवाल्याची बोटं जुळली. मास्तर जुळंनात.

"सारखाच उशीर असता तर मी अख्खा टेक पुढं-मागं सरकवला असता," डायरेक्टर मला हळूच म्हणला. "ह्यांचा दर ओळीला येगळा हाय. काय सरकवू?"

आठवा टेक झाला तेव्हा एक वाजला होता. बँडला तेरखेड्याला लग्न होतं, तीनला टेम्पो हलणार म्हणजे हलणार. बोअरवाल्यानं घड्याळ बघितलं, मग आपल्या भाच्याकडं. भाचा सकाळपासून गॉगल लावून बाभळीखाली उभा होता. गाणं पाठ करून आलेला, केसाला जेल लावून.

"मास्तर, राग मानू नका," बोअरवाला म्हणला. "अडीचपर्यंत बघू. न्हायच जमलं तर आवाज तुमचा, तोंड ह्याचं. तुमी मागं बँडमधी उभं राहा की."

मास्तर कोटाचं एक बटण अंगठ्यानं पुसत राहिले. मग म्हणले, "चालतंय की. आवाजाला कुठं तोंड लागतंय."

तिथं माझं डोकं फिरलं. तीस वर्षं नवरदेव पुढं, आणि आता स्वतःच्या गाण्यातबी मागंच? आणि पुढं कोण, तर तो जेलवाला!

मी डायरेक्टरला बाजूला घेतलं. म्हणलं, "मला कॅमेऱ्याच्या मागं उभं करतोस का?"

"तू काय करणार?"

"मास्तर."

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्या गाद्यांच्या खोलीत बसलेलो. मास्तरांनी गाणं पाच वेळा गायलं, पाचही वेळा वेगळं, आणि तिथल्या पोरानं हिकडची ओळ तिकडं जोडून एक गाणं केलं. म्हणजे स्पीकरमधी वाजत होतं तसं मास्तर आयुष्यात कधी गायलेच नव्हते. पण मी ते तुकडे चाळीसदा ऐकलेले. कुठली ओळ तोडलीय, कुठं ओढलीय, कुठं श्वास कापून टाकलाय, सगळं मला पाठ. आणि मास्तर तर मला सातवीपासून पाठ.

मी मास्तरांना म्हणलं, "मास्तर, तुमी गाण्याकडं ध्यान देऊ नका. माझ्या तोंडाकडं बघा. मी उघडलं की उघडा, मिटलं की मिटा."

"तुझ्या तोंडाकडं?" बँडमधनं ताशावाला बोलला. "जेवण जायचं न्हाय मास्तरांना."

स्पीकर दुसऱ्याकडं देऊन मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. टेक झाला. ओठ बरेच जुळले, पण मास्तरांची नजर तिरपी, शेजारच्या रानात म्हशी शिरल्यात का बघायल्यागत. मग मी कॅमेऱ्याच्या बरोबर मागं दगडावर चढलो, तोंड भिंगाच्या वर आणलं. तीन टिकटिक. आणि मी सुरू झालो. आवाज न काढता, सगळं. नाक उडवलं. हातातली पाण्याची बाटली हनुवटीला टेकवली. उंच सुराला डोळा मिटला.

मास्तर अर्ध्या ओळीत थांबले.

"हे काय लावलंयस?"

स्पीकर वाजतच होता. मागं क्लॅरिनेटवाल्यानं तोंड फिरवलं, ड्रमवाला खाली वाकला, खांदे हलायला लागले.

"हसायलाव कशाला रे?" मास्तर वळून म्हणले.

क्लॅरिनेटवाला सगळ्यात जुना, त्यालाच बोलावं लागलं. "मास्तर, तुमीच हाव ते."

"मी? मी असं नाक उडवतो?"

बांधावर फक्त स्पीकरमधले मास्तर गात होते. आता हा माणूस कोट काढून टेम्पोत बसंल आणि भाच्याचा गॉगल पुढं येईल, तेबी माझ्यामुळं. दगडावरनं उतरून पाया पडावं असं वाटलं. पण उतरलो तर सगळं तिथंच संपणार हे दिसत होतं. म्हणून उतरलो न्हाय.

म्हणलं, "मास्तर, शिव्या तीननंतर द्या. आत्ता बघा माझ्याकडं."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मग कोट खाली ओढला.

"लाव परत."

धृपद जुळलं. पहिला अंतरा जुळला. डायरेक्टर लॅपटॉपवरनं अंगठा दाखवायचा आणि परत लावा म्हणायचा, कारण जवळून झालं तरी बाजूनं राहिलेलं. बाजूच्या टेकला दगड उचलून कॅमेऱ्यामागं नेला. माझे गाल दुखायला लागले. मास्तरांचा कोट पाठीवर चिकटला. पाणी प्यायचं, परत तीन टिकटिक.

दुसऱ्या अंतऱ्यात अडकलो. तिथं दोन ओळी चिकटवताना रेकॉर्डिंगच्या पोरानं मधला श्वास कापलेला. मास्तर दर टेकला तिथं श्वास घ्यायचे आणि तोंड मागं पडायचं.

"एवढ्या लांब दमात कुणाचा बाप गाईल?" मास्तर कावले.

"तुमीच गायलाव, मास्तर. मशिनीत."

"मग मशिनीलाच उभं कर."

अडीचला वीस मिनिटं उरलेली. मी दोन टेक तिथं काय करता येईल ते स्वतःच्या तोंडावर करून बघितलं. मग ओळीच्या शेवटाला मान फिरवून क्लॅरिनेटवाल्याकडं बघितलं, शाबास म्हणल्यागत. मास्तरांनीबी तसंच केलं. तोंड कॅमेऱ्यापासनं फिरलं, तेवढ्यात श्वास घेतला, आणि पुढच्या अक्षराला बरोबर परत आले. क्लॅरिनेटवाला उगंच लाजला.

डायरेक्टरनं लॅपटॉप मिटला. "झालं. जुळलं सगळं."

भाच्यानं गॉगल काढून पुसला. बोअरवाला मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून कायतरी म्हणला, मला ऐकू आलं न्हाय, टेम्पो चालू झाला होता. मास्तर पुढच्या सीटवर बसून गेले. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. तीननंतरच्या शिव्या राहिल्या त्या राहिल्याच, असं मला वाटलं.

व्हिडिओ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, मास्तरांनी बोलावलंय. गेलो. ओट्यावर मास्तर, शेजारी त्यांची बायको, आमच्या काकू, दोघांच्या मधी मोबाईल. मास्तरांचं तोंड सगळ्या पडद्यावर, ओठ अक्षराला अक्षर. मी बसायला लागलो.

"उभा राहा," मास्तर म्हणले. "सातवीपासून करायलास म्हणं. बरोबर ना?"

"व्हय."

"आन मला एकानं सांगितलं न्हाय. बरं, ते जाऊ दे. हे बघ." त्यांनी बोटानं गाणं सरकवून उंच सुरापाशी आणलं. पडद्यावरच्या मास्तरांनी डोळा मिटला. "कुठला हाय हा?"

मी नीट बघितलं. मग जीभ चावली. मी माझा डावा मिटायचो आणि मास्तर माझ्यासमोर उभे. आरशागत त्यांनी पार उजवा मिटलेला. प्रत्येक टेकला. जवळनं, बाजूनं, लांबनं, सगळीकडं उजवा.

काकू म्हणल्या, "मी म्हणलं, गातोय आमचाच माणूस, पर डोळा कुणाचा मिटतोय?"

"तीस वर्षं हिनं माझा डावा बघितला," मास्तरांचा आवाज चढला. "जन्मात एकदा तोंड आलं व्हिडिओत, आन त्यात डोळा उलटा! नक्कल करतो म्हणून गावभर मिरवतोस, समोरच्याचा डावा कुठला आन आपला कुठला एवढी अक्कल न्हाय व्हय रं तुला? पुढच्या गाण्याला उजवा मिटायचास. आन आधी आरशापुढं उभा राहून महिनाभर शिकायचं, मगच माझ्यापुढं यायचं, समजलं का?"